मध्यरात्रीची शिरगणती : लहान रुग्णालयाचा दैनिक खाटा व रुग्ण अहवाल

ग्रामपंचायतीची रोजकीर्द ज्यांनी लिहिली वा तपासली आहे, त्यांना लहान रुग्णालयाचा दैनिक रुग्ण अहवाल समजण्यास फारसा वेळ लागत नाही. कालची शिल्लक, आजची जमा, आजचा खर्च आणि आजची अखेर शिल्लक, हाच क्रम येथेही असतो. फरक एवढाच की, येथे रुपयांच्या जागी माणसे असतात. रोजकीर्दीत अखेरची शिल्लक कागदावर आली तरी तिजोरीतील रक्कम मोजून पाहावी लागते. त्याचप्रमाणे या अहवालातही हिशेबाने आलेली रुग्णसंख्या आणि खाटांपाशी जाऊन मोजलेली रुग्णसंख्या यांचा मेळ घालावा लागतो. हा मेळ घालणे हेच या अहवालाचे खरे काम आहे. टक्केवारी त्यानंतरची गोष्ट होय.

रुग्णालयांची आकडेवारी सर्वत्र एकाच नमुन्यात ठेवावी, हा विचार जुना आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८६० मध्ये लंडन येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय सांख्यिकी परिषदेपुढे अशा एकसारख्या नमुन्यांची योजना मांडली होती. आज आपल्या देशातील शासकीय आरोग्य संस्थांच्या मासिक माहिती प्रपत्रातही मध्यरात्री मोजलेल्या आंतररुग्णांची संख्या मागितली जाते. ही मासिक संख्या दररोजच्या अहवालांची बेरीज असते. म्हणून एका रात्रीची चूक महिन्याच्या आकड्यात जशीच्या तशी उतरते.

प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील ग्रामीण रुग्णालयासारखी ३० खाटांची संस्था उदाहरणादाखल घेतली आहे. तीत पुरुष कक्षात १२, स्त्री कक्षात १० व प्रसूती कक्षात ८ खाटा आहेत असे समजू.

खाट कोणती व रुग्ण कोणता?

अहवाल लिहिण्यापूर्वी कोणती खाट मोजावयाची हे ठरविले पाहिजे. रात्री मुक्काम करणाऱ्या आंतररुग्णासाठी ठेवलेली, गादी व परिचर्येची सोय असलेली खाट मोजली जाते. प्रसूतीचे टेबल, शस्त्रक्रियेचे टेबल, बाह्यरुग्ण विभागातील तपासणीची खाट आणि निरोगी नवजात बालकांचे पाळणे हे खाटांत धरले जात नाहीत. प्रसूतीसाठी टेबलावर घेतलेली स्त्री ही प्रसूती कक्षाचीच रुग्ण असते. ती मध्यरात्री टेबलावर असली तरी तिची मोजणी कक्षातच होते.

मंजूर खाटा आणि वापरात असलेल्या खाटा या दोन निरनिराळ्या संख्या आहेत. छत गळत असल्याने दोन खाटा बाजूला काढल्या असतील, तर मंजूर ३० व वापरातील २८ अशी नोंद अहवालाच्या माथ्यावरच करावी. उलट, गर्दीच्या दिवशी जमिनीवर गादी टाकून रुग्ण ठेवला, तर त्या गादीमुळे खाटांची संख्या वाढत नाही. रुग्ण मात्र मोजलाच जातो. म्हणूनच खाटांच्या वापराचे प्रमाण १०० टक्क्यांहून अधिक येऊ शकते. तसे आल्यास ती लिपिकाची चूक समजून आकडा १०० वर आणून ठेवू नये.

नवजात बालकांबाबत नेहमी गोंधळ होतो. मातेजवळ असलेले निरोगी बालक आंतररुग्णांत धरावयाचे नसते. त्याची नोंद अहवालात वेगळ्या ओळीत होते. बालक आजारी असून त्याला उपचारासाठी स्वतंत्र केसपेपर काढून दाखल केले असेल, तर मात्र ते इतर रुग्णांप्रमाणेच एक रुग्ण होय.

मध्यरात्रच का?

दिवसा रुग्णालयात येणे-जाणे सतत चालू असते. सकाळच्या फेरीनंतर काहींना घरी सोडले जाते, दुपारपर्यंत बाह्यरुग्ण विभागातून नवे रुग्ण दाखल होतात. अशा वेळी तीन कक्षांत तीन वेगवेगळ्या वेळी मोजणी झाली, तर एकच रुग्ण दोन ठिकाणी मोजला जाईल किंवा कोठेच मोजला जाणार नाही. रात्री १२ वाजता ही हालचाल सर्वांत कमी असते आणि तारीखही तेव्हाच बदलते. म्हणून सर्व कक्षांची मोजणी त्याच क्षणाला धरून करावयाची असते.

वेळेची ही रेषा काटेकोर पाळावी लागते. रात्री ११ वाजून ५० मिनिटांनी झालेला मृत्यू आजच्या अहवालात येतो आणि १२ वाजून १० मिनिटांनी झालेला उद्याच्या. घरी जाण्याचा कागद सायंकाळी मिळाला, परंतु शेवटची एस. टी. गेल्याने रुग्ण रात्रभर खाटेवरच राहिला, तर तो त्या रात्री मोजला जातो. कागदावर सही केव्हा झाली हे येथे पाहावयाचे नसून खाट केव्हा रिकामी झाली हे पाहावयाचे असते. याच नियमाने, सोनोग्राफीसाठी तालुक्याच्या गावी पाठविलेला व परत येणार असलेला रुग्ण रुग्णालयाचाच राहतो.

मोजणी रात्रपाळीच्या परिचारिकेने करावी. तिने कक्षात फिरून एकेका खाटेच्या क्रमांकापुढे केसपेपरवरील नाव ताडून पाहावे. केवळ झोपलेली माणसे मोजून चालत नाही. कारण लहान रुग्णालयात रुग्णाचे नातेवाईक रिकाम्या खाटेवर आडवे होणे ही रोजची गोष्ट आहे. खाट, केसपेपर आणि माणूस ही तिन्ही जुळली म्हणजे एक रुग्ण झाला.

एका दिवसाचा अहवाल

आता उदाहरणातील रुग्णालयाचा एका दिवसाचा अहवाल पाहू. प्रत्येक कक्षाचे आकडे स्वतंत्र स्तंभात व एकूण संख्या अखेरच्या स्तंभात मांडली आहे.

| तपशील | पुरुष | स्त्री | प्रसूती | एकूण |
|---|---|---|---|---|
| मागील मध्यरात्रीची शिल्लक | ८ | ७ | ६ | २१ |
| नव्याने दाखल | ४ | २ | ३ | ९ |
| दुसऱ्या कक्षातून आलेले | ० | १ | ० | १ |
| घरी सोडलेले | २ | १ | ३ | ६ |
| वरिष्ठ रुग्णालयाकडे पाठविलेले | १ | ० | ० | १ |
| सल्ल्याविरुद्ध वा न सांगता गेलेले | ० | ० | ० | ० |
| दुसऱ्या कक्षात गेलेले | ० | ० | १ | १ |
| मृत | ० | १ | ० | १ |
| हिशेबाने येणारी शिल्लक | ९ | ८ | ५ | २२ |
| प्रत्यक्ष मोजलेले रुग्ण | ८ | ८ | ५ | २१ |

पहिल्या तीन ओळींची बेरीज करून त्यातून पुढील पाच ओळी वजा केल्या की हिशेबाची शिल्लक मिळते. पुरुष कक्षात ८ अधिक ४ म्हणजे १२, त्यातून २ व १ वजा जाता ९ राहतात. प्रसूतीनंतर टाक्यांत पू झाल्याने एका स्त्रीला प्रसूती कक्षातून स्त्री कक्षात हलविले होते. ती एका कक्षात वजा व दुसऱ्यात जमा झाली आहे. अशा अंतर्गत बदलाने रुग्णालयाची एकूण संख्या बदलत नाही. म्हणून एकूण स्तंभातील 'आलेले' आणि 'गेलेले' हे आकडे नेहमी समान असले पाहिजेत. ते समान नसतील, तर एका कक्षाने नोंद केली व दुसऱ्याने केली नाही, हे तेथेच कळते.

नव्याने दाखल झालेल्यांची संख्या ताडण्याचीही सोपी रीत आहे. आंतररुग्ण नोंदवहीत प्रत्येक रुग्णाला वार्षिक क्रमांक मिळतो. कालचा शेवटचा क्रमांक १८४६ व आजचा १८५५ असेल, तर आज ९ रुग्ण दाखल झाले. तीन कक्षांच्या नोंदींची बेरीजही ९ येते. अर्थात येथपर्यंत हिशेब बरोबर आहे.

मग पुरुष कक्षात एक रुग्ण कमी कसा? येथे अहवालाची कसोटी लागते. घाईत असलेला लिपिक घरी सोडलेल्यांचा आकडा २ ऐवजी ३ करील आणि अहवाल जुळवून टाकील. कागद जुळेल, परंतु माणूस हरवलेलाच राहील. योग्य रीत अशी की, परिचारिकेने खाटांच्या यादीवरून कोणत्या क्रमांकाच्या खाटेचा केसपेपर आहे पण रुग्ण नाही, हे प्रथम शोधावे. उदाहरणात ती ५ क्रमांकाची खाट आहे. तापासाठी तीन दिवसांपूर्वी दाखल झालेला एक शेतमजूर सायंकाळच्या जेवणानंतर कोणास न सांगता निघून गेला. त्याच्या हाताला सलाईनची सुई तशीच होती आणि रात्रीचे इंजेक्शन चुकले होते.

ही गोष्ट मध्यरात्री कळल्यामुळे ड्यूटीवरील वैद्यकीय अधिकाऱ्यांना लगेच सांगता येते, केसपेपरवर वेळेसह नोंद होते आणि सकाळी त्याच्या गावच्या आरोग्य सेविकेमार्फत शोध घेता येतो. अहवालात 'न सांगता गेलेले' या ओळीत पुरुष कक्षाखाली १ लिहिला जातो. पुरुष कक्षाची शिल्लक ८ व रुग्णालयाची एकूण २१ होते. आता दाखल ९ व कमी झालेले ९ (घरी ६, वरिष्ठ रुग्णालयाकडे १, न सांगता १, मृत १) असल्याने शिल्लक कालइतकीच, म्हणजे २१ राहते. मूळ फरक खोडून टाकू नये. तो शेरा स्तंभात कारणासह ठेवावा.

ही मोजणी झाली नसती तर काय झाले असते? हिशेबाची २२ ही शिल्लक उद्याची आरंभीची शिल्लक झाली असती. परवाही तोच एक जादा रुग्ण पुढे ओढला गेला असता. निघून गेलेला माणूस कागदावर रोज एक खाट अडवीत राहतो आणि आहाराच्या मागणीत रोज एक ताट वाढते. महिनाभरात अशा चार नोंदी राहिल्या, तर खाटांच्या वापराचा आकडा कसा फुगला याचा पत्ताही लागत नाही.

रुग्ण आणि रुग्णदिन

वरील दिवशी छातीत दुखत असल्याने सकाळी दाखल झालेल्या एका गृहस्थास दुपारी जिल्हा रुग्णालयाकडे पाठविण्यात आले. तो कालच्या मध्यरात्री नव्हता व आजच्याही नाही. दोन्ही शिरगणतींतून तो निसटला. तथापि त्याने खाट वापरली, औषधे घेतली, परिचारिकेचा वेळ घेतला. त्यामुळे त्याच दिवशी दाखल होऊन त्याच दिवशी गेलेल्या रुग्णांची एक स्वतंत्र ओळ ठेवतात. प्रत्येक रुग्णाने रुग्णालयाची सेवा घेतलेला एक दिवस म्हणजे एक रुग्णदिन. मध्यरात्रीचे २१ आणि हा १ मिळून त्या दिवसाचे २२ रुग्णदिन होतात.

खाटांच्या वापराचे प्रमाण काढताना मध्यरात्रीची संख्या घेतली तर २१ ला ३० ने भागून ७० टक्के येतात. रुग्णदिन घेतले तर ७३.३ टक्के. दोन्ही आकडे खरे आहेत, पण ते एकमेकांशी तुलना करण्याजोगे नाहीत. एका महिन्यात एक रीत व दुसऱ्या महिन्यात दुसरी, असे झाले तर रुग्णालयात काहीही न बदलता प्रमाण वाढल्याचा भास होतो. म्हणून कोणत्या संख्येवरून प्रमाण काढले, हे अहवालावर लिहिलेले असावे आणि मासिक प्रपत्रात मध्यरात्रीची संख्याच भरावी.

हा फरक सर्वांत ठळकपणे दिसतो तो कुटुंब नियोजन शस्त्रक्रियेच्या शिबिराच्या दिवशी. दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रिया बहुधा त्याच सायंकाळी घरी जातात. दिवसभरात २० स्त्रियांवर शस्त्रक्रिया झाल्या, सर्व खाटा भरून काही जणींना जमिनीवर झोपावे लागले, तरी मध्यरात्रीची शिरगणती त्यातील एकीलाही दाखवीत नाही. त्या दिवसाचे परिचारिकांचे काम, चादरींची गरज आणि गर्दी समजावी म्हणून अहवालात 'दिवसातील सर्वाधिक रुग्ण व वेळ' ही आणखी एक ओळ ठेवणे उपयुक्त ठरते.

सरासरीच्या आड दडलेले

समजा, दुसऱ्या एका रात्रीही एकूण रुग्ण २१ व वापर ७० टक्केच आहे. पण पुरुष कक्षात ५, स्त्री कक्षात ५ आणि प्रसूती कक्षात ११ रुग्ण आहेत. एकूण आकड्यावरून ९ खाटा रिकाम्या दिसतात. प्रत्यक्षात प्रसूती कक्षाचा वापर १३७.५ टक्के असून तीन बाळंतिणी आपल्या अर्भकांसह जमिनीवर आहेत. ७० टक्के हा आकडा त्यांच्याविषयी काहीच सांगत नाही. यासाठी अहवालात कक्षवार प्रमाण आणि 'जमिनीवरील रुग्ण' ही ओळ असलीच पाहिजे. वैद्यकीय अधीक्षकांनी सकाळी ही ओळ प्रथम पाहिली, तर स्त्री कक्षातील मोकळ्या पाच खाटांपैकी तीन प्रसूती कक्षाकडे वळविण्याचा निर्णय त्याच दिवशी घेता येतो. महिनाअखेरच्या सरासरीवरून तो घेता येत नाही.

महिन्याचा हिशेब

महिन्याचे प्रमाण काढताना रोजच्या मध्यरात्रीच्या संख्यांची बेरीज करतात. ३० दिवसांची बेरीज ६३० आली, तर ३० खाटा गुणिले ३० दिवस म्हणजे ९०० खाटादिनांशी तिचे प्रमाण ७० टक्के होते. वापरातील खाटा महिनाभर २८ च असतील, तर खाटादिन ८४० होतात व प्रमाण ७५ टक्के येते. येथेही भाजक कोणता घेतला हे लिहिणे आवश्यक आहे.

हे प्रमाण एकटे वाचू नये. त्याच महिन्यात घरी सोडलेले, अन्यत्र पाठविलेले, निघून गेलेले व मृत मिळून २१० रुग्ण कमी झाले असतील, तर ६३० ला २१० ने भागून सरासरी मुक्काम ३ दिवसांचा निघतो. पुढील महिन्यात रुग्ण तितकेच असूनही मुक्काम ४ दिवसांवर गेला, तर बेरीज ८४० व वापर ९३.३ टक्के होईल. रुग्णसेवा वाढली असा अर्थ यावरून काढणे चुकीचे ठरेल. तपासणीचे निकाल उशिरा येत असतील, किंवा घरी सोडण्याचा निर्णय देणारे डॉक्टर रजेवर असतील. याउलट वापर कमी असेल व वरिष्ठ रुग्णालयाकडे पाठविलेल्यांची ओळ मोठी असेल, तर लोक आजारी पडत नाहीत असे नसून भूलतज्ज्ञ, रक्त अथवा अन्य सोय नसल्याने रुग्ण पुढे जात आहेत, असे समजावे.

अहवाल तपासताना

रुग्ण कल्याण समितीत बसणाऱ्या पंचायत सदस्यांना वा तपासणी अधिकाऱ्यांना वैद्यकीय ज्ञानाशिवायही हा अहवाल पारखता येतो. महिन्याची आरंभीची शिल्लक मागील महिन्याच्या अखेरच्या शिल्लकेइतकी आहे की नाही, हे प्रथम पाहावे. त्यानंतर कोणत्याही दोन-तीन दिवसांची मध्यरात्रीची संख्या त्यापुढील सकाळच्या आहार नोंदीशी ताडावी. दोन्ही आकडे अगदी एकच असतील असे नाही. कारण काही रुग्णांना आहार वर्ज्य असतो व पहाटे नवे रुग्ण येतात. परंतु आहार सातत्याने बराच जास्त असेल, तर कारण विचारावे.

सर्वांत बोलकी खूण मात्र वेगळीच आहे. हिशेबाची शिल्लक आणि प्रत्यक्ष मोजणी यांत महिनोन्महिने एकदाही फरक पडलेला नसेल, सर्व रात्रींची नोंद एकाच शाईत व एकाच हस्ताक्षरात असेल, तर मोजणी झालेली नसून वरची ओळ खाली उतरवली आहे, असे समजण्यास जागा असते. ज्या रुग्णालयात रात्री खरोखर मोजणी होते, तेथे अधूनमधून एखाद्याचा फरक निघतो आणि त्यापुढे कारणही लिहिलेले आढळते. असा फरक दिसल्यास परिचारिकेस जाब विचारू नये. जाब विचारला गेला की पुढील महिन्यापासून फरकाचा स्तंभ कोरा राहू लागतो.

अहवाल सकाळी ९ पूर्वी वैद्यकीय अधीक्षकांच्या टेबलावर असावा. त्यावर रात्रपाळीच्या परिचारिकेची मोजणीच्या वेळेसह सही, नोंदवहीशी ताडून पाहणाऱ्या लिपिकाची सही आणि अधीक्षकांची सही, अशा तीन सह्या असाव्यात. एक प्रत आहार विभागाकडे जाते व दुसरी नस्तीत राहते. संगणकावर नोंद होत असली तरी हा क्रम बदलत नाही. संगणक बेरीज अचूक करतो, परंतु ५ क्रमांकाची खाट रिकामी आहे हे कक्षात जाऊन पाहणाऱ्यालाच कळते.